‘रस्त्याने चालताना पाऊस सुरू झाला’ : हे वाक्य मराठीत चालते, मग इंग्रजीत का अडते?

मुठाकाठ

नमस्कार. पुण्यात पायी सहली काढणाऱ्या एका गटासाठी मी त्यांच्या आठ पानी माहितीपत्रकाचे इंग्रजी भाषांतर केले आहे. डेक्कनहून निघून जंगली महाराज रस्त्याने पाताळेश्वराच्या लेण्यापर्यंत आणि पुढे नदी ओलांडून शनिवारवाड्यापर्यंत असा त्यांचा मार्ग आहे. भाषांतर तपासायला दिले होते, ते काल परत आले. शब्दांच्या चुका फारशा नाहीत, पण सात ठिकाणी एकाच प्रकारची लाल खूण आहे आणि समासात फक्त ‘कोण?’ एवढेच लिहिलेले आहे.

पहिली खूण प्रास्ताविकातल्या वाक्यावर आहे. मूळ मराठी वाक्य असे आहे : ‘मागच्या आषाढात याच रस्त्याने चालताना पाऊस सुरू झाला आणि आम्ही सगळे लेण्यात शिरलो.’ मी त्याचा पहिला भाग ‘वॉकिंग डाउन द रोड, द रेन स्टार्टेड’ असा केला. ‘चालताना’ला ‘वॉकिंग’, ‘पाऊस सुरू झाला’ला ‘द रेन स्टार्टेड’. प्रत्येक शब्द जागच्या जागी आहे, क्रियापदाचा काळ बरोबर आहे, आणि माझ्या संगणकावरच्या व्याकरण तपासणीनेही त्याखाली रेघ ओढलेली नाही. तरी ‘कोण?’ हा प्रश्न आहेच.

तपासणाऱ्या बाईंना मी दूरध्वनी केला, तेव्हा त्या म्हणाल्या की या वाक्यात पाऊस रस्त्याने चालतो आहे. त्यांचे म्हणणे मला अर्धवट पटले. त्यानंतर मात्र मराठी वाक्यही तसेच वाटायला लागले आहे आणि मूळ माहितीपत्रकातली सगळी ‘चालताना’ बदलावीत की काय, या विचारात मी पडले आहे. माझे दोन प्रश्न आहेत. अशी वाक्ये ओळखायची कशी? आणि मराठी वाक्यातही तोच दोष आहे का?

रानवारा

तुमच्या वाक्यात मुख्य अडचण ‘द रेन स्टार्टेड’ची आहे, असे मला वाटते. इंग्रजीत ‘इट स्टार्टेड रेनिंग’ असे म्हणण्याची पद्धत आहे. ‘वॉकिंग डाउन द रोड, इट स्टार्टेड रेनिंग’ असे लिहिले की प्रश्न मिटेल. स्वल्पविराम तुम्ही दिलेलाच आहे, त्यामुळे तीही चूक नाही.

मुठाकाठ

धन्यवाद. पण तसे लिहिले तरी ‘कोण?’ हा प्रश्न राहतोच, नाही का? चालणारे आम्ही होतो आणि आम्ही या वाक्यात कुठेच नाही.

प्राजक्ता_कोथरूड

मुठाकाठ, मी नववी-दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. ही चूक दर वर्षी पंधरा-वीस वह्यांत तरी सापडतेच. तिचे कारण तुम्ही नेमके सांगितले आहे : चालणारा माणूस वाक्यात नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी दोन उपाय सांगते. एक तर सुरुवातीला ‘व्हाइल’ घालावे, म्हणजे ‘व्हाइल वॉकिंग डाउन द रोड, द रेन स्टार्टेड’. तसे जमले नाही, तर वाक्यात कुठेतरी ‘आय’, ‘मी’ किंवा ‘माय’ आणावे, म्हणजे चालणारा कोण ते वाचकाला कळते.

मराठी वाक्याबद्दल म्हणाल, तर काटेकोरपणे पाहिल्यास तेही चुकीचेच म्हणावे लागेल. आपल्या कानाला सवय झाली आहे, इतकेच.

जुना_मुद्रितशोधक

चाळीसहून अधिक वर्षे मी छापखान्यात आणि नंतर प्रकाशनसंस्थांत मराठी-इंग्रजी मुद्रिते तपासत आलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. प्राजक्ताताईंचे निदान बरोबर आहे, पण त्यांच्या दोन्ही उपायांनी रोग जात नाही. विद्यार्थ्यांपर्यंत ते पोहोचतात, म्हणून हे स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते.

इंग्रजी वाक्याच्या आरंभी ‘वॉकिंग डाउन द रोड’सारखा तुकडा आला, की त्याला स्वतःचा कर्ता नसतो. वाचक त्या तुकड्यापाशी कर्त्याची जागा रिकामी ठेवतो आणि स्वल्पविरामानंतर मुख्य वाक्याचा जो कर्ता येईल, त्याला त्या जागी बसवतो. हा त्या भाषेचा शिरस्ता आहे. तुमच्या वाक्यात तेथे ‘द रेन’ आहे, म्हणून पाऊस चालू लागतो. आता ‘व्हाइल’ घाला. ‘व्हाइल वॉकिंग’ या तुकड्यालाही स्वतःचा कर्ता नाहीच. रिकामी जागा तशीच राहिली आणि तिच्यात पुन्हा पाऊसच जाऊन बसला. ‘व्हाइल’ने वेळ स्पष्ट होते, माणूस मिळत नाही. उपाय करायचा असेल, तर त्या तुकड्याला कर्ता आणि पूर्ण क्रियापद दिले पाहिजे : ‘व्हाइल वी वेअर वॉकिंग डाउन द रोड, द रेन स्टार्टेड’ किंवा ‘अ‍ॅज वी वॉक्ड डाउन द रोड, द रेन स्टार्टेड’. आता पहिल्या तुकड्यात ‘वी’ आहे, पाऊस त्याच्या स्वतःच्या वाक्यात आहे आणि दोघांची गाठ पडत नाही.

दुसरा उपाय, म्हणजे ‘माय’ कुठेतरी आणणे, हा अधिक फसवा आहे. ‘वॉकिंग डाउन द रोड, माय अंब्रेला फ्ल्यू अवे’ हे वाक्य पाहा. ‘माय’ आहे, तरी मुख्य वाक्याचा कर्ता छत्री आहे आणि त्यामुळे छत्री चालते आहे. अशा वाक्यांवरून तपासणाऱ्याची नजरही घसरते, कारण माणूस दिसल्यासारखा वाटतो. माणूस वाक्यात असून भागत नाही, तो कर्त्याच्या जागी असावा लागतो.

मी तपासताना करतो ते साधे आहे. स्वल्पविरामाच्या आधीचा तुकडा झाकतो आणि मुख्य वाक्याचा कर्ता शोधून त्याच्याखाली पेन्सिलीने रेघ ओढतो. मग तो कर्ता आणि झाकलेल्या तुकड्यातली क्रिया एकत्र करून एक छोटे पूर्ण वाक्य मोठ्याने म्हणतो : ‘द रेन वॉज वॉकिंग डाउन द रोड.’ हे वाक्य खरे असेल तर मूळ वाक्य ठीक, खोटे असेल तर खूण. मनातल्या मनात वाचले, तर डोळा अर्थ पुरवून पुढे जातो. मोठ्याने म्हटले, की खोटेपणा कानाला लागतो. तुमच्या संगणकाने रेघ ओढली नाही, यात मला नवल वाटत नाही. रचनेच्या दृष्टीने ‘वॉकिंग डाउन द रोड, द गर्ल सँग’ आणि तुमचे वाक्य यांत काहीच फरक नाही. मुलगी चालू शकते आणि पाऊस चालू शकत नाही, हे जगाचे ज्ञान आहे.

मराठी वाक्याबद्दल मात्र मी प्राजक्ताताईंशी असहमत आहे. त्यावर रात्री लिहितो.

प्राजक्ता_कोथरूड

छत्रीचे उदाहरण वाचून मी आत्ता गेल्या सत्रातल्या तीन वह्या काढून पाहिल्या. ‘प्लेइंग ऑन द ग्राउंड, माय लेग वॉज फ्रॅक्चर्ड’ या वाक्याला मी बरोबरची खूण दिली आहे. ‘माय’ दिसल्यामुळेच दिली असणार. उद्या वर्गात ते वाक्य पुन्हा फळ्यावर घेते. मराठीबद्दल तुम्ही काय म्हणता, ते वाचायला मी उत्सुक आहे, कारण तेथे मी अजून माझ्या मतावर आहे.

वेताळटेकडी

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण याच जातीचा वाटतो. मी एका यंत्रभागांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात काम करतो. आमचे सगळे अहवाल ‘यूझिंग अ मायक्रोमीटर, द डायमीटर वॉज मेझर्ड’ अशा पद्धतीने लिहिलेले असतात. वरच्या कसोटीप्रमाणे व्यासानेच मायक्रोमीटर वापरला, असा अर्थ निघतो. मग आमचे सगळे अहवाल चुकीचे ठरतात का? अहवालात ‘मी मोजले’ असे लिहायला आमच्याकडे परवानगी नसते.

जुना_मुद्रितशोधक

वेताळटेकडी, तुमचे उदाहरण सीमेवरचे आहे. शास्त्रीय आणि तांत्रिक लेखनात ‘यूझिंग’ इतके रुळले आहे, की अनेक वाचकांना ते ‘विथ’सारखे एक शब्दयोगी अव्ययच वाटते. ‘कन्सिडरिंग’ आणि ‘रिगार्डिंग’ यांचे तसे झालेलेच आहे. ‘कन्सिडरिंग द रेन, द टर्नआउट वॉज गुड’ या वाक्यात उपस्थिती कशाचा विचार करत होती, असे कोणी विचारत नाही. ‘यूझिंग’ त्या मुक्कामावर पोहोचले की नाही, याबद्दल संपादकांत एकमत नाही. मी स्वतः ‘द डायमीटर वॉज मेझर्ड विथ अ मायक्रोमीटर’ असे करून देतो. कर्ता आणावा लागत नाही आणि वादही राहत नाही.

मात्र तुमच्या अहवालात ‘आफ्टर कूलिंग फॉर टू अवर्स, द ऑपरेटर मेझर्ड द शाफ्ट’ असे वाक्य आले, तर ते सोडू नका. तेथे शाफ्टऐवजी कामगार दोन तास थंड होत राहतो. शिवाय शाफ्ट किती वेळ थंड केला, ही तुमच्या अहवालातली महत्त्वाची गोष्ट असते आणि तीच चुकीच्या माणसाला चिकटते.

वेताळटेकडी

अगदी याच घडणीचे वाक्य आमच्या मागच्या अहवालात होते, फक्त शाफ्टऐवजी बुश होते. ग्राहकाकडून ‘हा वेळ कशाचा?’ अशी विचारणाही आली होती. तेव्हा आम्हाला त्यांचा प्रश्नच कळला नव्हता.

जुना_मुद्रितशोधक

आता मराठीकडे येतो.

‘रस्त्याने चालताना पाऊस सुरू झाला’ हे वाक्य मराठीत निर्दोष आहे आणि ते केवळ सवयीमुळे खपते असे नाही. ‘-ताना’ हे रूप एका क्रियेच्या चालू काळात दुसरी क्रिया घडली, एवढेच सांगते. दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असावा, अशी अट त्याला नाही. आपण ‘मी चालताना पाऊस सुरू झाला’ असे कर्ता घालूनही म्हणू शकतो, आणि वाक्य तितकेच सरळ राहते. म्हणजे ‘चालताना’पाशी कर्त्याची स्वतंत्र जागा आहे, ती भरा किंवा मोकळी ठेवा. मोकळी ठेवली, तर संदर्भातला माणूस तेथे येतो. इंग्रजीत ‘आय वॉकिंग डाउन द रोड, द रेन स्टार्टेड’ असे आजच्या सरळ गद्यात कोणी लिहिणार नाही. दोन भाषांतला फरक येथेच आहे. शाळेत आपल्याला ‘-ताना’ म्हणजे ‘-इंग’ असे शिकवलेले असते, आणि मुठाकाठताईंच्या सातही खुणा त्या एका समीकरणातून आल्या असाव्यात, असा माझा अंदाज आहे.

पण मराठीत हा दोष नाहीच, असे मात्र समजू नये. तो दुसऱ्या रूपात आहे. ही तीन वाक्ये मोठ्याने वाचून पाहा :

जेवताना पाऊस थांबला.
जेवल्यावर पाऊस थांबला.
जेवून पाऊस थांबला.

पहिली दोन कोणाही मराठी माणसाला खटकणार नाहीत. तिसरे वाचताना पाऊस जेवला, असे वाटते. ‘-ऊन’ हे रूप आपला कर्ता मुख्य वाक्यातून घेते, अगदी इंग्रजीतल्या त्या तुकड्यासारखे. म्हणून मराठी मुद्रित तपासताना मी ‘-ताना’पाशी सहसा थांबत नाही, ‘-ऊन’पाशी थांबतो.

प्राजक्ता_कोथरूड

‘जेवून पाऊस थांबला’ हे पटले, आणि ‘-ताना’बद्दलचे माझे मत मी मागे घेते. पण मग ‘पाऊस पडून रस्ते ओले झाले’ याचे काय? तेथे ‘पडून’ आहे. पडणारा पाऊस आहे आणि ओले झाले ते रस्ते आहेत. कर्ते दोन आहेत, तरी वाक्य बरोबर आहे. ‘वीज पडून दोन म्हशी दगावल्या’ असे वर्तमानपत्रात नेहमी वाचतो.

भाषा_आणि_भाकरी

मी भाषाविज्ञानाचा विद्यार्थी आहे. प्राजक्ताताईंचा आक्षेप रास्त आहे. माझ्या समजुतीप्रमाणे अशा वाक्यांत दोन गोष्टी एकत्र येतात. एक म्हणजे ‘पडून’च्या आधी त्याचा कर्ता उघडपणे दिलेला असतो : ‘पाऊस पडून’, ‘वीज पडून’, ‘अपघात होऊन’. त्यामुळे रिकामी जागाच उरत नाही. दुसरे म्हणजे पहिली क्रिया दुसरीचे कारण असते आणि ती कोणी ठरवून केलेली नसते. ‘रमेश जेवून पाऊस थांबला’ असे म्हटले, तर कर्ता दिलेला असूनही वाक्य जुळत नाही, कारण जेवणे हे रमेशने ठरवून केलेले काम आहे आणि पावसाशी त्याचा कार्यकारणसंबंध नाही. ‘त्याला जाऊन दोन वर्षे झाली’ हा कालगणनेचा प्रयोग मी वेगळा धरतो.

याहून अधिक महत्त्वाचे मला दुसरेच वाटते. ‘पाताळेश्वर पाहून मला समाधान वाटले’ हे वाक्य घ्या. व्याकरणाच्या तक्त्याप्रमाणे ‘वाटले’ या क्रियापदाचा कर्ता ‘समाधान’ आहे. समाधानाने पाताळेश्वर पाहिले का? नाही, मी पाहिले, आणि मी वाक्यात ‘मला’ या रूपात आहे. तरी वाक्य कोणालाच खटकत नाही. याचा अर्थ मराठीत ‘-ऊन’ची रिकामी जागा भरताना आपण केवळ प्रथमेतले नाम शोधत नाही, तर ज्याला वाटते, दिसते, भूक लागते, आठवते, त्या माणसालाही कर्त्याचा मान देतो. हेच वाक्य इंग्रजीत शब्दशः नेऊन ‘सीइंग पाताळेश्वर, सॅटिस्फॅक्शन केम टु मी’ असे केले, की ते लगेच लोंबकळते. मुठाकाठताई, तुमच्या उरलेल्या सहा खुणांत ‘दिसते’, ‘लागते’, ‘वाटते’ ही क्रियापदे किती आहेत, ते पाहाल का? मराठीत या क्रियापदांबरोबर माणूस ‘तुम्हाला’ होतो आणि बहुतेक वेळा गळूनच जातो.

मुठाकाठ

पाहिले. सहापैकी चार वाक्यांत ‘लागते’ किंवा ‘दिसते’ आहे. त्यांतली तीन वाक्ये येथे देते.

पहिले : ‘जंगली महाराज रस्त्याने चालताना पाताळेश्वराचे लेणे लागते.’ माझे भाषांतर : ‘वॉकिंग डाउन जंगली महाराज रोड, द पाताळेश्वर केव्ह अपिअर्स.’ पेन्सिलीच्या कसोटीप्रमाणे लेणे चालत येते.

दुसरे : ‘आठव्या शतकात कोरलेल्या या लेण्याच्या आवारात शिरताच प्रथम गोलाकार नंदीमंडप दिसतो.’ माझे भाषांतर : ‘कार्व्ह्ड इन द एट्थ सेंच्युरी, व्हिजिटर्स फर्स्ट सी द सर्क्युलर नंदी मंडप.’ येथे ‘-इंग’ नाही, म्हणून ही खूण मला सर्वांत अनाकलनीय वाटली होती. आता मोठ्याने म्हटले : ‘व्हिजिटर्स वेअर कार्व्ह्ड इन द एट्थ सेंच्युरी.’ मग कळले.

तिसरे : ‘पुलावरून उतरून शनिवारवाडा दिसतो.’ माझे भाषांतर : ‘कमिंग ऑफ द ब्रिज, शनिवारवाडा इज सीन.’ पण येथे मूळ मराठी वाक्यच मला आता बरे वाटत नाही. तसे वाटण्याचे कारण मला नीट सांगता येत नाही.

जुना_मुद्रितशोधक

पहिल्याचा उपाय तुम्हाला माहीत झाला आहे, पण माहितीपत्रकासाठी ‘अ‍ॅज यू वॉक’पेक्षाही सरळ वाट आहे. वाचकाला थेट सांगा : ‘वॉक डाउन जंगली महाराज रोड अँड यू विल कम टु द पाताळेश्वर केव्ह.’ वाट दाखवणाऱ्या मजकुराला ही रचना शोभते आणि चालणारा कोण हा प्रश्नच उरत नाही. सातही ठिकाणी ‘अ‍ॅज यू’ लिहिले, तर पान कंटाळवाणे होईल, म्हणून दोन्ही रचना आलटून पालटून वापरा. ‘द केव्ह कॅन बी सीन’ असा कर्मणी प्रयोग करून सुटका होईल असे वाटते, पण होत नाही. कर्ता लेणेच राहते.

दुसऱ्या वाक्यात मराठी रचना तुम्हाला सांभाळून घेते, कारण ‘कोरलेल्या’ हे विशेषण ‘लेण्या’च्या अगदी आधी येते आणि त्याच्याच सामान्यरूपाशी जुळते. इंग्रजीत नेताना तुम्ही ‘कोरलेल्या’ला सुरुवातीला ठेवलेत आणि ‘लेणे’ मात्र वाक्यातून गाळलेत. ‘व्हिजिटर्स टु द केव्ह, कार्व्ह्ड इन द एट्थ सेंच्युरी, फर्स्ट सी’ हे करता येईल, पण त्यात वाचकाला अडखळायला होते. मी शतक वेगळ्या वाक्यात टाकेन : ‘द केव्ह वॉज कार्व्ह्ड इन द एट्थ सेंच्युरी. इन इट्स कोर्टयार्ड, व्हिजिटर्स फर्स्ट सी द सर्क्युलर नंदी मंडप.’ एका वाक्यात सगळे बसवण्याचा हट्ट सोडला, की असे निम्मे दोष आपोआप जातात.

तिसऱ्यात तुमचा कान बरोबर आहे. ‘उतरून’ला कर्ता हवा. भाषा_आणि_भाकरी यांनी सांगितल्याप्रमाणे ‘तुम्हाला’ हा गाळलेला माणूस तेथे आहे असे धरले, तर वाक्य कसेबसे उभे राहते. पण तो गाळलेला असल्यामुळे समोर एकच नाम दिसते, शनिवारवाडा, आणि कान त्याच्याकडे धावतो. ‘पुलावरून उतरल्यावर शनिवारवाडा दिसतो’ असे करा. ‘-ल्यावर’ला एककर्त्याची अट नाही. एवढाच बदल मूळ माहितीपत्रकात करावा, असे मला वाटते. ‘चालताना’ सगळी तशीच राहू द्या.

बकुळ

चर्चा वाचून एक शंका विचारावीशी वाटते. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये राजाचे भूत आपल्या मुलाला सांगते, की ‘स्लीपिंग इन माय ऑर्चर्ड, अ सर्पंट स्टंग मी’ अशी अफवा पसरवण्यात आली आहे. तुमच्या कसोटीप्रमाणे बागेत साप झोपलेला आहे. इतक्या मोठ्या नाटककाराला जे चालले, ते एका माहितीपत्रकाला का चालू नये?

जुना_मुद्रितशोधक

बकुळताई, तो दाखला योग्य आहे, आणि ही रचना इंग्रजीत जुन्या काळापासून आहे, हेही त्यातून दिसते. ऐकणाऱ्या मुलाला बागेत कोण झोपत असे, ते आधीच ठाऊक आहे. शिवाय लगेच पुढे ‘मी’ येते, त्यामुळे रंगमंचावर गोंधळ होत नाही. म्हणून ही रचना अर्थाचा घात करतेच, असे मी म्हणणार नाही. पण माहितीपत्रकाचा वाचक पुण्यात प्रथमच आलेला असतो. आपण लिहू तेवढेच त्याला ठाऊक होते आणि वाक्यात कोणाला कोठे ठेवायचे, हे तो वाक्यावरूनच ठरवतो.

बकुळ

हे मान्य. तरी ‘वॉकिंग डाउन द रोड, इट स्टार्टेड रेनिंग’ हे रानवारा यांचे वाक्य मला तितके खटकत नाही. ‘द रेन’ चालताना डोळ्यांपुढे येतो, ‘इट’ येत नाही.

जुना_मुद्रितशोधक

ते खरे आहे. ‘इट’ हा तेथे नावापुरता कर्ता असल्याने वाचक त्याला चालवायला जात नाही आणि बोलताना असे वाक्य सर्रास ऐकू येते. परीक्षेत किंवा छापील मजकुरात मी ते बदलेन. आपण मैत्रिणीला पत्रात लिहिलेत, तर मी बदलणार नाही.

रानवारा

मी प्रश्न चुकीचा वाचला होता, हे आता लक्षात आले. पण ‘-ताना’ला मुळीच धोका नाही, हेही मला पटत नाही. गेल्या आठवड्यात एका बातमीचा मथळा वाचला : ‘पळताना पोलिसांनी चोराला पकडले.’ पळत कोण होते?

भाषा_आणि_भाकरी

हे उदाहरण फार चांगले आहे. ‘-ताना’ कर्त्याची सक्ती करत नाही, म्हणूनच वाक्यात दोन माणसे असली की ते दोघांकडेही जाऊ शकते. पाऊस, लेणे, छत्री असेल तर प्रश्न येत नाही, कारण चालू शकणारा एकच असतो. पोलीस आणि चोर दोघेही पळू शकतात. ‘पळून जाणाऱ्या चोराला पोलिसांनी पकडले’ असे केले, की ‘जाणाऱ्या’ चोराला घट्ट चिकटते. ‘मी त्याला रस्त्याने जाताना पाहिले’ यातही माझ्या मते दोन्ही अर्थ आहेत.

प्राजक्ता_कोथरूड

मला तेथे एकच अर्थ लागतो. ‘त्याला’च्या नंतर ‘जाताना’ आले आहे, म्हणजे तो जात होता. मी जात असते, तर ‘मी रस्त्याने जाताना त्याला पाहिले’ असे लिहिले असते.

भाषा_आणि_भाकरी

माझ्या घरी आत्ता चौघांना विचारले. आई आणि आजी तुमच्यासारखे म्हणतात, बाबांना आणि भावाला दोन्ही अर्थ लागतात. क्रमाचा परिणाम होतो, हे मला मान्य आहे. तो नियम आहे की कल, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

जुना_मुद्रितशोधक

मी तेथे समासात ‘कोण?’ लिहून लेखकाकडे परत पाठवतो.

मुठाकाठ

आज दुपारी सातही वाक्ये पुन्हा लिहिली. प्रास्ताविकातले आता असे आहे : ‘लास्ट आषाढ, अ‍ॅज वी वेअर वॉकिंग डाउन धिस व्हेरी रोड, द रेन स्टार्टेड, अँड वी ऑल रॅन इन्टु द केव्ह.’ मूळ मराठीत ‘उतरून’चे ‘उतरल्यावर’ केले. मग शोध घेतला, तेव्हा माहितीपत्रकात ‘-ऊन’ची आणखी अकरा रूपे सापडली. त्यांपैकी नऊ निर्दोष आहेत, एक मी बदलले. राहिलेले एक असे आहे : ‘पायऱ्या उतरून थंडावा जाणवतो.’ कसोटीप्रमाणे थंडावा पायऱ्या उतरतो, पण मला ते वाक्य खटकत नाही, आणि ‘उतरल्यावर’ केले, की लेण्यात शिरतानाचा तो क्षण लांबल्यासारखा वाटतो. हे तसेच ठेवावे का?

भाषा_आणि_भाकरी

‘जाणवतो’ हे ‘वाटतो’च्याच घरातले क्रियापद आहे आणि ज्याला जाणवतो, तोच उतरतो. मी ठेवेन.

जुना_मुद्रितशोधक

मी ‘उतरताच’ करेन. क्षणही लांबत नाही आणि कर्त्याची अटही राहत नाही. पण गटातल्या दोघा-तिघांकडून दोन्ही वाक्ये मोठ्याने वाचून घ्या आणि मग ठरवा.